एसएसडीचं उरलेलं आयुष्य: एक हिशेब म्हणतो ११ वर्षं, दुसरा म्हणतो साडेतीन. धरायचा कोणता?

दिंडोरी_रोड · १४ एप्रिल, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. राहायला नाशिकात, आणि दिंडोरी रस्त्यावर आमचं छोटं शीतगृह आहे. हंगामात द्राक्षं, मग डाळिंब, भाजीपाला, जे येईल ते. तिथे एक संगणक चोवीस तास चालू असतो. खोल्यांमधले ६४ सेन्सर तापमान आणि आर्द्रता पाठवतात, तो नोंदवत बसतो. निर्यातीचा माल असला की या नोंदी दाखवाव्या लागतात, त्यामुळे हा संगणक बसला तर आमचीच पंचाईत.

त्यात ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी आहे. खोक्यावर ३०० टीबीडब्ल्यू लिहिलंय, म्हणजे एकूण ३०० टीबी लिहून होईपर्यंतची हमी. आज सहज smartctl चालवून बघितलं:

```
Available Spare:                    100%
Available Spare Threshold:          10%
Percentage Used:                    38%
Data Units Written:                 94,018,220 [48.1 TB]
Power On Hours:                     18,960
Unsafe Shutdowns:                   61
Media and Data Integrity Errors:    0
```

१८,९६० तास म्हणजे बरोबर ७९० दिवस. आता गंमत बघा. ३०० टीबीपैकी ४८ लिहून झाले, म्हणजे १६ टक्के वापर. याच गतीने उरलेले २५२ टीबी लिहायला ११ वर्षांहून जास्त लागतील. पण वरची ओळ म्हणते ३८ टक्के संपले. ७९० दिवसांत ३८, तर उरलेले ६२ संपायला साडेतीन वर्षं. एकाच डिस्कचे दोन हिशेब आणि मधे आठ वर्षांचा फरक. कोणता धरू?

---

सिडकोकर · १४ एप्रिल, रात्री १०:०५

टीबीडब्ल्यू धरा. कंपनी वॉरंटी त्याच्यावर देते, कागदावर लिहून देते. Percentage Used हा डिस्कच्या आतल्या फर्मवेअरचा अंदाज असतो, आणि तो कसा काढायचा ते प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. २०२३ च्या सुरुवातीला सॅमसंगच्या ९९० प्रोची हेल्थ भराभर पडते अशी ओरड झाली होती, आठवतंय का? फेब्रुवारीत नवं फर्मवेअर आलं आणि घसरण थांबली. अशा आकड्यावर विसंबून निर्णय घेऊ नका. ११ वर्षं निवांत राहा.

---

रिपेअरवाले_आबा · १४ एप्रिल, रात्री १०:३१

दोन्ही आकडे सोडा हो. एम.जी. रोडला माझं दुकान आहे, रोज मेलेल्या एसएसडी येतात. हेल्थ ९७, ९८ टक्के असलेल्यासुद्धा. काल चालत होती, आज बायोसमध्ये नावच नाही. कंट्रोलर जातो, पॉवरचा भाग जातो. झिजून झिजून मेलेली एसएसडी मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी पाहिली असेन. बॅकअप ठेवा आणि झोपा.

---

मधुरा_के · १४ एप्रिल, रात्री ११:१२

आबांचं खरं आहे, पण तो वेगळा प्रश्न झाला. टायर किती झिजलाय हे विचारल्यावर "इंजिन कधीही बंद पडू शकतं" असं उत्तर मिळालं तर ते खोटं नसतं, पण टायरचं काय ते राहूनच जातं.

सिडकोकर, तुमच्याशी मात्र मतभेद. हे दोन आकडे एकाच गोष्टीचे दोन अंदाज नाहीत, ते दोन वेगळ्या दारांवर मोजलेले आहेत. Data Units Written म्हणजे संगणकाने डिस्कच्या दारात किती माल टाकला. आत चिपवर प्रत्यक्ष किती लिहिलं गेलं, ते त्यात येत नाही. Percentage Used आतून येतो. बहुतेक फर्मवेअर चिपचे ब्लॉक सरासरी किती वेळा पुसले गेले ते मोजतं आणि त्या चिपला जितक्या वेळा पुसणं झेपेल असं कंपनीने धरलंय त्याच्याशी ताडून बघतं. झीज होते ती आत, त्यामुळे झिजेबद्दल विचारायचं तर आतल्या आकड्याला विचारा.

तुमच्याकडे दोन्ही आकडे आहेत, तर एक साधा भागाकार करा. ४८.१ टीबीमध्ये ३८ टक्के गेले, म्हणजे १०० टक्के जायला सुमारे १२७ टीबी. तुमच्या कामासाठी ही डिस्क ३०० टीबीडब्ल्यूची नाहीच, १२७ ची आहे. खोक्यावरचे ३०० कंपनीने ठरावीक प्रकारचा वापर धरून काढलेले असतात. तुमचा वापर तसा नाही, तो बराच जास्त झिजवणारा आहे. का, ते शोधायला हवं.

तीन गोष्टी सांगा. जुना एखादा रीडिंग आहे का? C ड्राइव्हवर आज रिकामी जागा किती? आणि सेन्सरची नोंद किती सेकंदांनी होते?

---

पंचवटीकर · १५ एप्रिल, सकाळी ७:५०

मधुराताई, माझीही बघा जरा. घरच्या डेस्कटॉपला साटा एसएसडी आहे. Total_LBAs_Written समोर 20123456789 आहे. नेटवर वाचलं की ५,१२,००० ने गुणायचं. गुणलं तर दहा हजार टीबीच्या वर गेलं!! आणि Wear_Leveling_Count समोर 093. म्हणजे ९३ टक्के संपली?? बायकोने कालच फोटो टाकलेत त्यात.

---

मधुरा_के · १५ एप्रिल, सकाळी ८:१५

काका, घाबरू नका. ५,१२,००० चा गुणाकार एनव्हीएमईच्या Data Units ला लागतो. तुमच्याकडे एलबीए आहे, तो बहुधा ५१२ बाइटचा. तसं धरलं तर १०.३ टीबी येतात, घरच्या वापराला शोभणारा आकडा. साटामध्ये काही कंपन्या हाच आकडा जीबीत किंवा ३२ एमबीच्या गठ्ठ्यांत मोजतात, म्हणून गुणल्यावर उत्तर पटतंय का ते बघायचंच. आणि ते 093 शंभरावरून खाली उतरतं. सात गेले, त्र्याण्णव उरले. फोटो सुरक्षित आहेत, तरी एक प्रत दुसरीकडे ठेवाच.

---

दिंडोरी_रोड · १५ एप्रिल, दुपारी १:२०

मधुराताई, जुना रीडिंग सापडला. ऑक्टोबरमध्ये एएमसीवाल्या मुलाने CrystalDiskInfo च्या पडद्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला होता. तारखा मोजल्या, बरोबर १८० दिवसांपूर्वीचा. वरचा भाग कापला गेलाय, फक्त खालची यादी दिसते. शून्यांची रांग सोडून उरलेलं लिहितो:

```
05  Percentage Used       18
07  Data Units Written    469EEEA
0C  Power On Hours        3930
```

०७ मध्ये अक्षरं कशी आली कळलं नाही, फोटो खराब असेल.

C ड्राइव्ह ४६५ जीबी, त्यात १४ जीबी रिकामे. नोंद दर सेकंदाला, प्रत्येक सेन्सरची.

---

सिडकोकर · १५ एप्रिल, दुपारी १:४५

अरे बापरे. मग मी शब्द मागे घेतो. १८ वरून ३८, सहा महिन्यांत २० टक्के! उरलेले ६२ जायला जेमतेम दीड वर्ष. आणि १४ जीबी रिकामी? हंगाम चालू असतानाच बदलून टाका.

---

मधुरा_के · १५ एप्रिल, दुपारी २:३०

थांबा थांबा. फोटो खराब नाही. CrystalDiskInfo ही यादी मुळात हेक्समध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या हिशेबात दाखवतो, सेटिंग बदलल्याशिवाय. `18` म्हणजे अठरा नव्हे, चोवीस. एक सोळा आणि आठ. यात भलेभले फसतात, कारण `18` दिसायला साध्या अठरासारखाच दिसतो. `469EEEA` मध्ये अक्षरं होती म्हणून निदान शंका आली.

पडताळा तुमच्याच फोटोत आहे. `3930` साधा आकडा धरला तर ३,९३० तास, म्हणजे तेव्हा डिस्क साडेपाच महिने चाललेली. मग आजपर्यंतच्या १८० दिवसांत तिने पंधरा हजार तास कसे काढले? हेक्स धरला तर १४,६४० तास. आजच्या १८,९६० मधून वजा करा: ४,३२०. भागिले २४, बरोबर १८०. फोटोची तारीखही तेच म्हणते.

आता `469EEEA` उलगडला की ७,४०,५१,३०६ येतात, म्हणजे ३७.९ टीबी. हिशेब असा बसतो.

पहिले ६१० दिवस: ३७.९ टीबी लिहिले, २४ टक्के झीज. दर टीबीमागे ०.६३ टक्के.

नंतरचे १८० दिवस: १०.२ टीबी लिहिले, १४ टक्के झीज. दर टीबीमागे १.३७ टक्के.

खोक्यावरचे ३०० टीबी खरे मानले तर हा दर ०.३३ असायला हवा होता.

इथेच थांबून बघा. दिवसाचं लिखाण वाढलेलंच नाही. आधी रोज ६२ जीबी होतं, आता ५७. तरीही झीज प्रत्येक टीबीमागे दुपटीहून जास्त झाली. म्हणजे संगणक दारात तेवढाच माल टाकतोय, पण डिस्क आत त्याची उचलठेव दुप्पट करतेय. नुसती टीबीडब्ल्यूची बाजू बघितली असती तर हे कधीच दिसलं नसतं, उलट "लिखाण कमी झालं" म्हणून बरं वाटलं असतं.

तुमच्या प्रश्नाचं आजचं उत्तर साडेतीन वर्षंही नाही. साडेतीन हा जन्मापासूनच्या सरासरीचा हिशेब झाला. गेल्या सहा महिन्यांच्या चालीने १४ टक्के जायला १८० दिवस, तर ६२ जायला सुमारे ८०० दिवस. सव्वादोन वर्षं.

ऑक्टोबरच्या आसपास त्या संगणकावर काय बदललं?

---

दिंडोरी_रोड · १५ एप्रिल, दुपारी ३:१०

हेक्सचं ऐकून डोकं गरगरलं, पण तासांचा पडताळा पटला. त्या एएमसीवाल्याला विचारलं तर म्हणे "सर, मला पण १८ च वाटलेलं".

काय बदललं ते आत्ता लक्षात आलं. त्याच भेटीत त्याने रात्रीचा बॅकअप लावून दिला. रोज सुमारे २ जीबीची झिप फाइल. आणि ती ठेवतोय त्याच डिस्कवर, C मध्येच एका फोल्डरमध्ये. जुनी कधीच पुसली जात नाही. बघितलं तर १७९ फाइली पडल्यात.

---

रिपेअरवाले_आबा · १५ एप्रिल, दुपारी ३:२५

त्याच डिस्कवर बॅकअप! म्हणजे तिजोरीची दुसरी किल्ली तिजोरीतच.

---

गोदाकाठची_अनु · १५ एप्रिल, सायंकाळी ६:०२

मी यातली नाही, पण धागा वाचतेय. एक कळलं नाही. झिप फाइली एकदा लिहून नुसत्या पडून आहेत. रोज २ जीबीच वाढले. मग पडून राहिलेल्या फाइलींनी झीज कशी दुप्पट होईल?

आणि जाता जाता, माझा लॅपटॉप तीन महिन्यांचा आहे, Percentage Used १. म्हणजे अजून २५ वर्षं ना?

---

मधुरा_के · १५ एप्रिल, रात्री ८:४०

अनु, प्रश्न अगदी मर्मावरचा आहे.

फ्लॅश चिपमध्ये लिहिलेल्या पानावर पुन्हा लिहिता येत नाही. नवी आवृत्ती दुसऱ्या कोऱ्या पानावर जाते आणि जुनं पान नुसतं रद्द ठरतं. पुसायचं मात्र पानापानाने नाही, शेकडो पानांचा अख्खा ब्लॉक एकदम पुसावा लागतो. तर जागा मोकळी करताना डिस्क असा ब्लॉक शोधते ज्यात रद्द पानं जास्त असतील, त्यातली जिवंत पानं दुसरीकडे लिहिते आणि मग ब्लॉक पुसते. ही जिवंत पानं हलवणं म्हणजेच ते आतलं जादा लिखाण, राइट ॲम्प्लिफिकेशन.

आता डिस्क अर्धी रिकामी असेल तर घाई नसते. ब्लॉक जवळजवळ पूर्ण रद्द होईपर्यंत ती वाट बघू शकते, हलवायला फार काही उरत नाही. पण डिस्क ९७ टक्के भरली की कोरी जागा तोकडी पडते. मग अर्धवट रद्द झालेले ब्लॉकही लगेच उपसावे लागतात. एका छोट्या नोंदीसाठी शेजारची कितीतरी जिवंत पानं उचलायची, त्यात त्या पडून राहिलेल्या झिप फाइलींची पानंही आली. शिवाय डिस्क सगळ्या चिपवर झीज सारखी राहावी म्हणून स्थिर डेटाही अधूनमधून जागेवरून हलवते. फाइल तुमच्यासाठी पडून असते, डिस्कसाठी नसते.

लॅपटॉपचं: एकाच टक्क्यावरून काहीच काढू नका. हा आकडा पूर्णांकात येतो आणि फर्मवेअर वर गोल करतं की खाली, ते बाहेरून कळत नाही. १ म्हणजे नुकतंच शून्य ओलांडलेलं असेल किंवा दोनला टेकलेलं असेल. त्यात पहिल्या महिन्यांत विंडोज टाकणं, जुना डेटा आणणं असलं एकदाचंच लिखाण असतं. पाचेक टक्के होईपर्यंत विसरून जा.

---

क्वेरीवाला · १५ एप्रिल, रात्री ९:५५

मला मूळ ५७ जीबी खटकतायत. ६४ सेन्सर, दर सेकंदाला एक नोंद. एक नोंद फार तर ४० बाइटची. दिवसाला ५५ लाख नोंदी, म्हणजे खरा डेटा सव्वादोनशे एमबीसुद्धा नाही. ५७ जीबी येतात कुठून?

दिंडोरीकर, डेटाबेस फाइलच्या शेजारी `-journal` अशा शेपटीची फाइल क्षणभर दिसून नाहीशी होते का, बघाल?

---

दिंडोरी_रोड · १६ एप्रिल, सकाळी १०:३०

होते! सारखी दिसते आणि जाते. मला वाटायचं व्हायरस आहे.

---

क्वेरीवाला · १६ एप्रिल, सकाळी ११:०५

मग एसक्यूलाइट आहे आणि तुमचं सॉफ्टवेअर प्रत्येक नोंद स्वतंत्र व्यवहार म्हणून पक्की करतंय. एका नोंदीसाठी आधी जुनं पान जर्नलमध्ये, मग नवं पान मूळ फाइलमध्ये, वर जर्नल बनवणं आणि पुसणं. ४० बाइटसाठी अंदाजे १० केबी धरा. ५५ लाख गुणिले १० केबी, झाले ५५ जीबी. उरलेले दोन तुमची झिप.

उपाय एका ओळीचा आहे: ६४ सेन्सरच्या मिनिटभराच्या नोंदी साठवून एकाच व्यवहारात पक्क्या करायच्या. लिखाण कितीतरी पटींनी कमी होईल. सॉफ्टवेअरवाल्यांना सांगा.

---

मधुरा_के · १६ एप्रिल, सकाळी ११:४०

हे अगदी नेमकं सापडलं. आणि याचा आतही परिणाम आहे. प्रत्येक व्यवहार पक्का करताना सॉफ्टवेअर डिस्कला म्हणतं, आत्ताच्या आत्ता चिपवर उतरव. साध्या एसएसडीत वीज गेल्यावर सावरणारे कपॅसिटर नसतात, म्हणून तिला पान भरायची वाट न बघता अर्धवट पानंच लिहावी लागतात. बॅकअप सुरू होण्याआधीही तुमचा दर ०.३३ ऐवजी ०.६३ होता, त्याचं मोठं कारण हेच असावं असा माझा अंदाज. भरलेल्या डिस्कने पुढचं दुप्पट केलं.

आज करण्यासारखं: झिप फाइली दुसऱ्या डिस्कवर न्या, बॅकअपची जागा बदला. मग पॉवरशेल अ‍ॅडमिन म्हणून उघडून हे चालवा:

```
fsutil behavior query DisableDeleteNotify
Optimize-Volume -DriveLetter C -ReTrim -Verbose
```

पहिल्याचं उत्तर 0 आलं पाहिजे. 1 आलं तर विंडोज पुसलेल्या जागेची खबर डिस्कला देतच नाहीये, आणि मग तुम्ही कितीही फाइली हलवा, डिस्कच्या लेखी ती भरलेलीच.

---

दिंडोरी_रोड · १६ एप्रिल, रात्री ९:१५

उत्तर 0 आलं. झिप सगळ्या जुन्या हार्ड डिस्कवर हलवल्या, बॅकअप आता तिथेच जातो. C वर ३७० जीबी मोकळे झाले. दुसरी आज्ञाही चालवली.

सॉफ्टवेअरवाल्यांना फोन केला. ते म्हणतात, मिनिटाचा गठ्ठा केला आणि मधेच वीज गेली तर मिनिटभराच्या नोंदी जातील, ऑडिटला कोण उत्तर देणार? आमच्याकडे वीज जाते हे खरंच आहे, ते ६१ Unsafe Shutdowns उगाच नाहीत.

---

क्वेरीवाला · १६ एप्रिल, रात्री ९:३०

मग मिनिटाचा नको, सेकंदाचा करा. एका सेकंदातले ६४ सेन्सर एका व्यवहारात. फार तर एक सेकंद जाईल, आणि व्यवहार ६४ ऐवजी एक. याला नाही म्हणायला काही कारणच नाही. आणि त्या संगणकाला छोटा यूपीएस लावा हो.

---

पंचवटीकर · १७ एप्रिल, सकाळी ७:३०

१०० टक्के झाले की डिस्क बंद पडते का? आणि अशी ८०-९० टक्के झालेली डिस्क काढून कपाटात बॅकअप म्हणून ठेवली तर चालेल ना? फेकवत नाही.

---

मधुरा_के · १७ एप्रिल, सकाळी ९:१०

बंद पडत नाही, आकडा १०० च्या पुढे चालतच राहतो, २५५ पर्यंत दाखवायची सोय आहे. १०० चा अर्थ एवढाच की कंपनीने हमी धरलेली झीज झाली. वॉरंटीचं वेगळं: वर्षं किंवा टीबीडब्ल्यू, जे आधी संपेल ते.

कपाटाचं मात्र नको. झिजलेल्या चिपमध्ये वीज नसताना डेटा कमी काळ टिकतो. जेडेक या संस्थेच्या मानकात घरगुती वापराच्या एसएसडीसाठी अट अशी आहे की ठरलेलं लिखाण संपल्यावरही, ३० अंशांना वीज न देता ठेवली तर डेटा एक वर्ष टिकला पाहिजे. एक वर्ष, आणि तेही ३० अंशांना. एप्रिल-मेमध्ये आपल्या माडीवरच्या कपाटात किती असतं ते बघा, उष्णता वाढली की ही मुदत घटते. झिजलेली डिस्क चालू संगणकात बिनमहत्त्वाच्या कामाला वापरा. बॅकअपला हार्ड डिस्क बरी.

---

दिंडोरी_रोड · २५ मे, रात्री ८:५०

धागा वर आणतोय. चाळीसेक दिवसांनी:

```
Percentage Used:                    39%
Data Units Written:                 98,118,402 [50.2 TB]
Power On Hours:                     19,920
```

२.१ टीबी लिहिलं, रोजचे ५२ जीबी. एकच टक्का गेला. म्हणजे ६१ टक्क्यांना २,४४० दिवस, साडेसहा वर्षं?

---

सिडकोकर · २५ मे, रात्री ९:२०

अभिनंदन! पण ३८ वरून ३९ मध्ये खरा फरक ०.१ असेल की १.९, ते कसं कळणार? मधुराताईंनीच अनुला सांगितलं होतं.

---

मधुरा_के · २५ मे, रात्री १०:००

सिडकोकरांनी बरोबर पकडलं. चाळीस दिवसांत एक टक्का, या वाक्याला तसा अर्थ नाही. पलटण्याची तारीख पाहिजे. दिंडोरीकर, ३९ नक्की कधी झालं, नोंद आहे का?

---

दिंडोरी_रोड · २५ मे, रात्री १०:१५

आहे. तुमचं वाचून रोज सकाळी चहासोबत बघायची सवयच लागली. पहिल्या सहा दिवसांतच ३९ झालं. मग ३४ दिवस तिथेच आहे.

---

मधुरा_के · २५ मे, रात्री १०:४०

वा, हे उपयोगाचं. पलटल्यापासून ३४ दिवस, आणि अजून पुढचा टक्का आलेला नाही. म्हणजे एक टक्क्याला ३४ दिवसांहून जास्त लागतायत. भरलेल्या डिस्कवर हाच टक्का १३ दिवसांत जात होता, त्याआधी २५ दिवसांत. सहा वर्षं वगैरे आत्ता म्हणणार नाही, पण उरलेल्या ६१ टक्क्यांना ६१ गुणिले ३४, निदान साडेपाच वर्षं, असं म्हणता येतं. ४० कधी होतं ती तारीख लिहा. पलटण्यापासून पलटण्यापर्यंतचे दोन-तीन अंतरं मिळाली की आकड्यावर भरवसा ठेवता येईल.

एक गोष्ट मला अजून उलगडलेली नाही. आता गती सुरुवातीच्या ६१० दिवसांपेक्षाही चांगली दिसतेय. लिखाण थोडं कमी झालंय, पण तेवढ्याने हा फरक पडणार नाही. सुरुवातीला डिस्क किती भरलेली होती, कळायला मार्ग नाही.

---

रिपेअरवाले_आबा · २६ मे, सकाळी ११:००

माझं मत बदललेलं नाही. साडेपाच वर्षं झिजेची. वीज ६१ वेळा धाडकन गेलीय, तिचा हिशेब या टक्क्यात नाही. दुसरी डिस्क क्लोन करून हाताशी ठेवा, आणि महिन्यातून एकदा लावून बघा की ती सुरू होते का.

---

दिंडोरी_रोड · २६ मे, दुपारी १२:३०

आबा, यूपीएस आला, बसवलाय. दुसरी डिस्क सांगून ठेवलीय. सॉफ्टवेअरवाले एका सेकंदाच्या गठ्ठ्याला "बघतो" म्हणालेत.

---

क्वेरीवाला · २६ मे, दुपारी १२:४५

"बघतो" म्हणजे हंगामानंतर. `-journal` फाइल दिसतेय ना अजून तशीच?

---

दिंडोरी_रोड · २६ मे, दुपारी १:०५

तशीच. सेकंदाला ६४ वेळा.